सुई टोचली तर : नर्सने आधी काय जपावे, नंतर काय करावे

वापरलेली सुई टोचली की पहिली भीती एचआयव्हीची वाटते. प्रत्यक्षात रुग्णाच्या रक्तात विषाणू असेल, तर एका टोचण्यातून एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे 0.3 टक्के, म्हणजे तीनशेत एक असते. हिपॅटायटिस सीसाठी ती साधारण 2 टक्के किंवा त्याहून कमी मानली जाते. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या नर्सला मात्र बीची लागण होण्याची शक्यता 6 ते 30 टक्क्यांपर्यंत जाते. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकू शकतो. तिघांत लस फक्त याच्यावर आहे, आणि ती घेऊन अंगात प्रतिकारशक्ती तयार झाली का, हे तपासायचे नेमके राहून जाते. म्हणून या लेखात बीला जास्त जागा दिली आहे.

टोचण्याआधी

सुई शिरेत असताना आपले सगळे लक्ष तिच्याकडे असते. ती बाहेर आली की लक्ष रुग्णाच्या हातावरच्या कापसाकडे, नळीवरच्या लेबलाकडे, पुढच्या खाटेकडे वळते. सुई शिरेतून निघून डब्यात पडेपर्यंतच्या या थोड्या वेळात बऱ्याच जखमा होतात. त्यामुळे शार्प्सचा डबा खाटेपाशी, हात पोहोचेल इतका जवळ आणि उघड्या तोंडाने तयार असल्याशिवाय सुईचे पाकीट फोडू नये. डबा पाऊण भरला की तो बंद करून बदलावा. पूर्ण भरलेल्या डब्यात सुई ढकलताना आधीची सुई बोटाला लागते.

सुईवर दोन्ही हातांनी टोपण परत बसवू नये. एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात टोपण असले की नेम जरा चुकला तरी टोक दुसऱ्या हाताच्या बोटात जाते. टोपण लावणे अगदीच भाग असेल, तर ते सपाट ट्रेवर ठेवावे, दुसरा हात पाठीमागे घ्यावा आणि एकाच हाताने सुई टोपणात सरकवावी. बटरफ्लाय सुईबाबत आणखी सावध राहावे. तिची नळी गुंडाळीच्या आकारात परत येऊ पाहते, आणि नळी धरून डब्यात टाकायला गेलो की टोक उसळून हाताकडे येते. ती पंखांना धरूनच टाकावी. सुरक्षा झडप असेल तर सुई बाहेर येताक्षणी ती बसवावी आणि 'टक्' आवाज आल्याची खात्री करावी.

हातमोजे टोचणे थांबवत नाहीत, पण सुईच्या बाहेरून लागलेले थोडे रक्त पुसून घेतात. त्यामुळे ते घालायचेच.

टोचल्यावर लगेच

हातातले काम सोडावे. रुग्णाला धोका नाही ना एवढे पाहून सहकाऱ्याला हाक मारावी. मोजे काढून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. बोट पिळून रक्त काढू नये, तोंडात घालू नये, ब्लीच किंवा स्पिरिट ओतू नये. पिळल्याने विषाणू बाहेर पडतो असा पुरावा नाही, आणि जळजळीत रसायनाने त्वचेला उलट इजा होते. रक्त डोळ्यात उडाले असेल तर डोळा स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने भरपूर धुवावा. लेन्स असल्यास थोडे धुऊन झाल्यावर ती काढावी आणि पुन्हा धुवावे.

त्यानंतर लगेच इन्चार्जला कळवावे. वेळ, सुईचा प्रकार, ती पोकळ होती का, शिरेत जाऊन आलेली होती का, जखम किती खोल आणि रुग्ण कोण, हे सगळे लिहून ठेवावे. पोकळ सुई, तिच्यावर दिसणारे रक्त आणि खोल जखम असेल तर धोका वाढतो. ड्यूटी संपल्यावर सांगू म्हणून थांबणे सर्वांत महागात पडते, कारण एचआयव्हीचा प्रतिबंधक औषधोपचार, म्हणजे पेप, दोन तासांच्या आत सुरू व्हावा अशी अपेक्षा असते. 72 तास उलटल्यावर तो सहसा दिला जात नाही.

एक उदाहरण

समजा, रात्रपाळीत 2 वाजून 10 मिनिटांनी रक्त काढून झाल्यावर एका सिस्टरला बटरफ्लाय सुई तर्जनीत खोल टोचली. तिचे वजन 55 किलो. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस काही वर्षांपूर्वी झालेले, पण टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचे प्रमाण, कधी पाहिलेला नाही. सव्वादोनला बोट धुऊन झाले, अडीचला तिने रात्रपाळीच्या डॉक्टरांना सांगितले. रुग्णाची स्थिती माहीत नसल्याने डॉक्टरांनी अहवालांची वाट न पाहता सव्वातीनला पेपचा पहिला डोस दिला. त्यात टेनोफोव्हिर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्राव्हिर 50 मिलिग्रॅम ही औषधे दिवसातून एकदा, 28 दिवस घ्यायची असतात. कॅल्शियम, लोह किंवा अँटासिड चालू असल्यास डोल्युटेग्राव्हिर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्यावे, नाहीतर ते नीट शोषले जात नाही.

सिस्टरचे सुरुवातीचे रक्त घेतले. त्यात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या आणि बीचा अँटीबॉडी टायटर पाहायचा. रुग्णाच्या संमतीने त्याचेही रक्त घेतले. सुई मात्र तपासायला पाठवायची नसते.

सकाळी रुग्णाचा एचआयव्ही निगेटिव्ह आला. त्याला अलीकडे संसर्ग झाला असावा असे त्याच्या माहितीवरून वाटत नव्हते, म्हणून पेप थांबवले. सी निगेटिव्ह. बीचा एचबीएसएजी पॉझिटिव्ह, आणि सिस्टरचा टायटर 4. संरक्षणासाठी तो किमान 10 हवा. म्हणजे तीन डोस झाले असूनही तिला पुरेसे संरक्षण आहे असे धरता येत नव्हते.

त्याच दिवशी तिला हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन दिले. मात्रा किलोमागे 0.06 मिली, म्हणजे 55 किलोला 3.3 मिली, स्नायूत. सोबत दुसऱ्या जागी लसीचा नवा पहिला डोस. इम्युनोग्लोब्युलिन 24 तासांत दिलेले सर्वांत चांगले. सुई टोचल्यावर सात दिवसांनंतर त्याचा उपयोग होतो असे धरले जात नाही. टायटर आधीच 10 किंवा जास्त आहे अशी नोंद असती, तर बीसाठी काहीच करावे लागले नसते. रुग्णाचा एचआयव्ही पॉझिटिव्ह असता, तर पेपचे पूर्ण 28 दिवस घ्यावे लागले असते. मळमळ झाली म्हणून मधेच न सोडता डॉक्टरांना सांगायचे असते.

पुढचे महिने

पेप घेतलेल्या किंवा रुग्णाची स्थिती न कळलेल्या नर्सची एचआयव्ही चाचणी सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी करतात. तोवर कंडोम वापरावा, रक्तदान करू नये आणि स्तनपान चालू असल्यास डॉक्टरांना विचारावे. सीचा धोका असल्यास तीन ते सहा आठवड्यांनी आरएनए चाचणी आणि चार ते सहा महिन्यांनी अँटीबॉडी पाहतात.

उदाहरणातल्या सिस्टरची बीची तपासणी सहा महिन्यांनी होईल. तिच्या लसीचे पुढचे डोस एक आणि सहा महिन्यांनी आहेत. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी पुन्हा टायटर पाहायचा, पण इम्युनोग्लोब्युलिन दिल्याला सहा महिने झाल्याशिवाय नाही. त्याआधी आलेला आकडा बाहेरून दिलेल्या अँटीबॉडीचा असू शकतो. ही तारीख तिने आणि इन्चार्जने दोघींनीही आजच रजिस्टरमध्ये लिहून ठेवावी.