सेल्सिअस-फॅरेनहाइटचा फॉर्म्युला उलटा कसा करायचा, आणि तो बरोबर आलाय हे कसं तपासायचं

मुंबईत हवामान सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरेनहाइटमध्ये. "आज सांताक्रूझला ३४ होतं" आणि "पोराला १०२ ताप आहे" ही दोन्ही वाक्यं एकाच घरात एकाच दिवशी बोलली जातात आणि कोणालाही त्यात काही विचित्र वाटत नाही. पंचाईत होते ती नवीन डिजिटल थर्मामीटर ३८.९ दाखवतो आणि आजी विचारते की म्हणजे किती रे, जास्त आहे का, तेव्हा. आणि उलटंही होतं, डॉक्टर फोनवर विचारतात १०१ च्या वर गेला का, आणि आपल्या हातात सेल्सिअसचा आकडा. अकरावी-बारावीला फंक्शनचा इन्व्हर्स शिकवतात तो नेमका इथे लागतो, म्हणून हेच उदाहरण घेऊन पूर्ण करून बघू.

सेल्सिअसवरून फॅरेनहाइट काढायचा फॉर्म्युला बहुतेकांना पाठ असतो:

```
f(C) = (९/५) × C + ३२
```

म्हणजे या फंक्शनला सेल्सिअसचा आकडा दिला की ते फॅरेनहाइटचा आकडा देतं. आता आपल्याला असं फंक्शन पाहिजे की ज्याला फॅरेनहाइट दिलं की सेल्सिअस परत मिळेल, त्याला आपण g म्हणू. हाच f चा इन्व्हर्स.

सुरुवातीला बीजगणित बाजूला ठेवा आणि f नक्की काय काय करतं आणि कुठल्या क्रमाने करतं ते साध्या शब्दांत लिहून काढा. आधी ९/५ ने गुणतं, मग ३२ मिळवतं, बस एवढंच. परत जाताना दोन्ही कामं उलटी करायची आणि क्रमही उलटा करायचा. सकाळी घरून आधी रिक्षा आणि मग लोकल असेल तर संध्याकाळी आधी लोकल आणि मग रिक्षा, तसंच. म्हणजे आधी ३२ वजा करायचे आणि मगच ५/९ ने गुणायचं. क्रम उलटा करायचा हे सगळ्यात जास्त जणांचं राहून जातं, ते पुढे बघूच.

आता हेच कागदावर. f(C) च्या जागी F लिहा आणि C ला एकटा करा:

```
F = (९/५) × C + ३२
F − ३२ = (९/५) × C
C = (५/९) × (F − ३२)
```

म्हणून g(F) = (५/९) × (F − ३२). पुस्तकात इथे आणखी एक पायरी असते, x आणि y ची अदलाबदल करायची. ती चुकीची नाही, पण माझं स्पष्ट मत आहे की तापमानाच्या उदाहरणात ती करू नये, कारण इथे C हा नुसता अक्षर नाहीये, तो सेल्सिअस आहे, आणि त्याच्या जागी F लिहिला की कुठला आकडा कशाचा हेच कळेनासं होतं. x-y असतील तर करा खुशाल, C-F असतील तर C एकटा केला की काम झालं. आणि हो, इन्व्हर्स लिहिताना f च्या डोक्यावर जो उणे १ लिहितात त्याचा घातांकाशी काही संबंध नाही, १ भागिले f असं करून बसू नका, ३७ डिग्रीचं १ भागिले ९८.६ काढून कोणालाच काही कळणार नाही.

आता तपासणी. इथे कंपोझिशन येतं, म्हणजे एका फंक्शनचं उत्तर सरळ दुसऱ्याच्या पोटात टाकायचं. g खरंच f चा इन्व्हर्स असेल तर f करून मग g केलं की जिथून निघालो तिथेच परत आलं पाहिजे, आणि तेसुद्धा एका आकड्यासाठी नाही, प्रत्येक C साठी:

```
g(f(C)) = (५/९) × ((९/५) × C + ३२ − ३२)
        = (५/९) × (९/५) × C
        = C
```

दुसऱ्या बाजूनेही करा:

```
f(g(F)) = (९/५) × (५/९) × (F − ३२) + ३२
        = F − ३२ + ३२
        = F
```

दोन्हीकडून मूळ अक्षर परत आलं, म्हणजे जोडी जुळली. मग आजीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला f वापरा, ३८.९ गुणिले ९/५ म्हणजे ७०.०२, त्यात ३२ मिळवले की साधारण १०२. आणि १०२ वरून परत यायचं तर १०२ वजा ३२ म्हणजे ७०, त्याचे ५/९ म्हणजे ३८.८९, बरोबर.

तुम्ही म्हणाल की एवढी अक्षरांची उठाठेव कशाला, एखादा आकडा टाकून बघितला की झालं. नाही होत. समजा कोणी अपूर्णांक उलटवायला विसरला आणि g म्हणून (९/५) × (F − ३२) लिहिलं, आणि तपासायला सगळ्यात सोपा आकडा घेतला, शून्य. शून्य सेल्सिअसचे ३२ फॅरेनहाइट, ३२ मधून ३२ गेले शून्य, त्याला कशानेही गुणा शून्यच, म्हणजे परत शून्य आलं आणि चुकीचा फॉर्म्युला पास झाला! अक्षरांनी कंपोझिशन केलं तर मात्र तो लगेच पकडला जातो, कारण उत्तर C न येता (८१/२५) × C येतं, म्हणजे ३.२४ पट, ३७ डिग्रीचा माणूस परत येताना ११९.८८ चा होऊन येतो.

दुसरी चूक क्रमाची, g म्हणून (५/९) × F − ३२ लिहिणं. कंस नाही, त्यामुळे आधी गुणाकार झाला आणि मग वजाबाकी. याचं कंपोझिशन केलं की येतं:

```
(५/९) × ((९/५) × C + ३२) − ३२ = C + १६०/९ − ३२
```

म्हणजे C वजा १४.२२, साधारण. ३७ टाका, २२.७८ येईल. ३४ टाका, १९.७८ येईल. कुठलाही आकडा टाका, बरोब्बर तेवढाच फरक. यातून एक फार कामाची गोष्ट मिळते, कंपोझिशन नुसतं चूक आहे एवढंच सांगत नाही, चूक कुठे आहे तेही सांगतं: फरक कायम सारखाच असेल तर ३२ ची गडबड आहे, आणि आकडा वाढेल तसा फरक वाढत असेल तर अपूर्णांकाची. (फोनच्या कॅल्क्युलेटरवर ९८.६ − ३२ × ५ ÷ ९ असं एका दमात टाइप केलंत तर ८०.८२ येतं, कारण तो गुणाकार-भागाकार आधी करतो. कंस टाका किंवा वजाबाकी करून बरोबरचं बटण दाबा आणि मग पुढे जा.)

आता दोन्ही बाजूंनी का तपासायचं ते. या सरळ रेषेच्या फॉर्म्युल्यात खरं तर एक बाजू जुळली की दुसरी आपोआप जुळते. पण आपण रोजच्या वापरात आकडा राउंड करतो, दशांश उडवून पूर्ण आकडा सांगतो, आणि तिथे खेळ बदलतो. सेल्सिअसवरून सुरुवात करा: ३८ चे १००.४, राउंड करून १००. १०० चे परत ३७.७८, राउंड करून ३८. आलं परत! ३९ घ्या, १०२.२ चे १०२, त्याचे ३८.८९, राउंड ३९. पूर्ण सेल्सिअसपासून निघालात तर दरवेळी परत येणार, कारण फॅरेनहाइटमध्ये राउंड करताना जास्तीत जास्त अर्धी डिग्री इकडेतिकडे होते आणि फॅरेनहाइटची अर्धी डिग्री म्हणजे सेल्सिअसची जेमतेम ०.२८, तेवढ्याने आकडा पलटत नाही. आता फॅरेनहाइटवरून निघा. १०० चे ३७.७८, म्हणजे ३८. १०१ चे ३८.३३, म्हणजे तेसुद्धा ३८! परत जाताना ३८ चे १००.४, म्हणजे १००. १०१ ताप असलेलं पोर परत येताना १०० वर आलं, औषध न देताच.

हे कोणाच्या हिशेबाची चूक म्हणून झालेलं नाही. बर्फ वितळण्यापासून पाणी उकळेपर्यंत सेल्सिअसमध्ये १०० घरं आहेत आणि फॅरेनहाइटमध्ये १८०, त्यामुळे पूर्ण आकड्यांत उतरवायला गेलं की फॅरेनहाइटच्या दोन वेगळ्या आकड्यांना एकच सेल्सिअस मिळणं टळणार नाही. आणि दोन वेगळ्या आकड्यांचं उत्तर एकच आलं की परत जाताना कुठे जायचं हे ठरवता येत नाही, अशा फंक्शनला इन्व्हर्स नसतोच. म्हणून एकाच बाजूने तपासून समाधान मानू नका. तापाच्या बाबतीत उपाय सोपा आहे, सेल्सिअस नेहमी एक दशांश ठेवून लिहा, मग १०० चे ३७.८ आणि १०१ चे ३८.३ असे वेगवेगळे राहतात आणि दोन्ही नीट परत येतात.

शेवटी या तपासणीची एक मर्यादा सांगायलाच हवी. घाईत पुष्कळ जण "दुप्पट करा आणि ३० मिळवा" असा हिशेब वापरतात, आणि उलटं करायला ३० वजा करून निम्मे. हे कंपोझिशनमध्ये टाकून बघा:

```
((२ × C + ३०) − ३०) / २ = C
```

अगदी परफेक्ट! दुसऱ्या बाजूनेही जुळतं. पण ३७ टाकलंत तर १०४ येतं, खरं उत्तर ९८.६, म्हणजे ठणठणीत माणसाला थेट १०४ ताप. हवामानाच्या गप्पांना हा हिशेब चालून जाईल, १० डिग्रीला तर तो बरोबर ५० देतो, तापाला मात्र अजिबात नाही. कंपोझिशन फक्त एवढंच सांगतं की ही दोन फंक्शनं एकमेकांचं काम उलटवतात, पण मुळात f तरी खरं आहे का ते त्याला माहीत नसतं. त्यासाठी बाहेरून माहीत असलेले दोन आकडे लागतात. दोनच पुरतात, कारण दोन बिंदूंतून सरळ रेषा एकच जाते. बर्फ वितळतो ते ० म्हणजे ३२, आणि समुद्रसपाटीला पाणी उकळतं ते १०० म्हणजे २१२, मुंबईत हे चालतं, महाबळेश्वरला पाणी जरा आधीच उकळेल. आपल्या f मध्ये ० टाका, ३२. १०० टाका, १८० अधिक ३२ म्हणजे २१२. दुप्पट-अधिक-३० वाल्यात ० टाका, ३०. १०० टाका, २३०. दोन्हीकडे नापास.