चलन दुसऱ्याच्या गाडीचं, नंबर आपला: ऑनलाइन तक्रार करताना या चुका टाळा

हर्णैला आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, बंदरावर मासळी विकतात, आणि त्यांच्या नावावर एक राखाडी स्कूटर आहे. ऑगस्टमध्ये, होड्या परत समुद्रात जायला लागल्या त्याच आठवड्यात, त्यांच्या मोबाईलवर मेसेज आला की हेल्मेट नाही म्हणून ५०० रुपयांचं ई-चलन झालंय, आणि ठिकाण होतं मुंबईच्या बाजूचं एक शहर. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे म्हणून त्या माझ्याकडे आल्या. "बाबू, माझी गाडी दाभोळची फेरीबोट ओलांडून कधी पलीकडे गेली नाय रे, मुंबईला कशी गेली?" असं म्हणत होत्या, आणि वर म्हणाल्या, "जाऊ दे, पाचशे भरून टाक, डोक्याला ताप नको."

तिथेच मी त्यांना थांबवलं, कारण सगळ्यात मोठी चूक हीच होते. एकदा पैसे भरले की चलन 'पेड' दिसतं आणि प्रकरण तिथेच बंद होतं, म्हणजे गुन्हा तुम्ही मान्य केला असाच त्याचा अर्थ. आधी भरू मग भांडू असं इथे चालत नाही. आणि ज्या गाडीने खरंच नियम मोडलाय तिच्या नंबरचा घोळ तसाच राहिला तर पुढच्या महिन्यात अजून एक चलन येणार, मग ते पण भरणार का?

मेसेजमधली लिंक नको, पत्ता स्वतः टाका

महाराष्ट्रातलं चलन बघायचं तर `mahatrafficechallan.gov.in`. शेवटी `gov.in` आहे का ते बघाच. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने एपीके फाईल येते ती अजिबात उघडू नका, ती गाडीची नाही, तुमचं बँक खातं रिकामं करायची सोय असते. साईटवर गाडी नंबर किंवा चलन नंबर टाकायचा आणि सोबत चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक. इथे बरेच जण अडकतात, कारण जुन्या आरसीचं स्मार्ट कार्ड झिजलेलं असतं, 8 आहे की 3 ते कळत नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरून आरसी काढा, त्यात स्वच्छ दिसतं. चलन नंबर पण मेसेजमधून कॉपी-पेस्टच करा, इंग्रजी अक्षरं आणि मागे लांबलचक आकडे असतात, हाताने टाकताना इंग्रजी ओ आणि शून्य यात हमखास गडबड होते आणि मग 'रेकॉर्ड सापडत नाही' आलं की लोकांना वाटतं चलन खोटंच आहे.

मी तिथे नव्हतो, हा पुरावा नाही

काकूंच्या भाच्याने माझ्याकडे यायच्या आधीच एकदा तक्रार टाकली होती हे मला नंतर कळलं. त्यात लिहिलं होतं, "त्या दिवशी आम्ही गावातच होतो, चलन रद्द करावे," आणि अटॅचमेंटला काय, तर आधार कार्ड. ती नामंजूर झाली. राग येतो पण कारण समजून घ्या. कॅमेऱ्याचं चलन गाडीवर असतं, म्हणजे नोंदणीकृत मालकाच्या नावावर. तुम्ही गावात होतात म्हणून गाडी गावात होती हे सिद्ध होत नाही, गाडी मुलाने नेली असेल, चाकरमानी पाहुण्याने नेली असेल, तपासणाऱ्या माणसाला ते कसं कळणार? आणि आधार कार्डावर तुमच्या गाडीबद्दल एक अक्षर नसतं.

तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असतो, चलनासोबतचा फोटो. पोर्टलवर चलनाच्या ओळीत तो बघायचा पर्याय असतो, आणि लोक नेमका तोच उघडत नाहीत. आम्ही उघडला. फोटोत काळी मोटरसायकल होती, मागे चिखलाने भरलेली नंबरप्लेट. झूम करून बघितलं तर सुरुवात `MH 06` अशी होती, म्हणजे रायगडची गाडी, आणि काकूंची `MH 08`, रत्नागिरीची. पुढची सिरीज आणि चार आकडे तेच. लाल चिखलाचा एक ठिपका इंग्रजी 6 च्या वरच्या उघड्या बाजूला बसला होता आणि तो 6 चक्क 8 सारखा दिसत होता, बस एवढंच. आपल्याकडे पावसात चिखल आणि एरवी खाऱ्या हवेने खाल्लेल्या प्लेटा, त्यामुळे असं होणं काही अवघड नाही.

म्हणजे आता आपल्याला काकू कुठे होत्या ते सांगायचंच नाहीये. फोटोतली गाडी त्यांची नाही एवढंच दाखवायचंय, आणि ते तपासणारा माणूस दोन मिनिटात स्वतः बघू शकतो. गाडीचा प्रकार, रंग, कंपनी हे सगळं आरसीवर छापलेलं असतं.

जोडायचं काय आणि कसं

आम्ही चारच गोष्टी जोडल्या. एक, चलनाचा पूर्ण स्क्रीनशॉट, ज्यात चलन नंबर, तारीख, वेळ आणि फोटो एकत्र दिसतात. दुसरी, त्याच फोटोतली प्लेट झूम करून. लोक फक्त झूम केलेला तुकडा जोडतात, मग तो कुठल्या चलनाचा ते समोरच्याला कळत नाही. तिसरी, आरसी. चौथी, काकूंच्या स्कूटरचे पुढून आणि मागून फोटो, दिवसाउजेडी अंगणात काढलेले, प्लेट पुसून. त्यांच्या गाडीला एचएसआरपी लागली होती म्हणून प्लेटवर खाली डाव्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला नंबर असतो त्याचा पण जवळून फोटो घेतला, कारण तो प्रत्येक प्लेटला वेगळा असतो. हे सगळे स्कूटरचे फोटो एकाच पीडीएफमध्ये घातले.

इथली चूक सांगतो, फोटो व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला की तो दाबला जातो आणि प्लेटचे आकडे पुसट होतात, नेमकी जी गोष्ट दाखवायची तीच जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि फॉर्मवर साईजची मर्यादा लिहिलेली असते ती बघून मगच फाईल टाका, नाव स्क्रीनवर दिसतंय ना ते तपासूनच सबमिट करा. माझ्याकडे एक जण आला होता ज्याची फाईल मोठी होती म्हणून चढलीच नव्हती आणि नुसता मजकूर गेला होता, तो महिनाभर वाट बघत बसला.

मग ग्रिव्हन्सचा पर्याय उघडून नाव, मोबाईल, ईमेल, चलन नंबर, गाडी नंबर भरला आणि खाली मजकूर असा लिहिला:

"चलनातील फोटोमध्ये काळी मोटरसायकल आहे व प्लेट MH 06 ने सुरू होते. चलन MH 08 वर झाले आहे. आरसीप्रमाणे माझे वाहन राखाडी स्कूटर आहे. नंबर वाचताना 6 चा 8 झाला आहे. चलनाचा फोटो, आरसी व माझ्या वाहनाचे फोटो जोडले आहेत. चलन माझ्या वाहनावरून काढावे. यापूर्वीची तक्रार क्रमांक अमुक."

एवढंच. पोलिसांना शिव्या नाहीत, घरची परिस्थिती नाही, कुठला कायदा कसा चुकीचा आहे ते नाही. जुन्या तक्रारीचा नंबर मात्र द्या, नाहीतर तीच तक्रार पुन्हा आली असं समजून बाजूला पडते. आणि सबमिट झाल्यावर जो नंबर येतो त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. तक्रार केली की चलन लगेच गायब होत नाही, निकाल लागेपर्यंत 'अनपेड' दिसतच राहतं, त्याला घाबरून मधेच पैसे भरू नका. काकूंचं चलन दुसऱ्या तक्रारीनंतर निघालं.

प्लेटवर खरंच तुमचाच नंबर असेल तर?

हे वेगळं प्रकरण आहे आणि लोक दोन्ही एकच समजतात. फोटोत गाडी दुसरी, पण प्लेटवर अक्षर न अक्षर तुमचाच नंबर, म्हणजे कोणीतरी तुमच्या नंबरची बनावट प्लेट लावून फिरतोय. तिथे 'वाचायला चूक झाली' असं लिहिलंत तर तक्रार फेटाळली जाणार, कारण वाचलं बरोबरच होतं. आधी आपल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, त्याची पोच घ्या, आणि ती पोच बाकी फोटोंसोबत जोडा. यात उशीर करू नका, उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं तर पोलीस तुमच्याच दारात येणार.

फोटो इतका धूसर की प्लेट वाचताच येत नाही, असं असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७ए बघा, तो २०२१ मध्ये आलाय. कॅमेऱ्याच्या चलनात गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही स्पष्ट दिसणारा फोटो हवा, शिवाय तारीख, वेळ, ठिकाण हवं, असं त्यात आहे. तेवढं एक वाक्य लिहा, पुरतं.

आणि गाडी तुमचीच आहे, चालवत होता मुंबईहून आलेला पुतण्या, तर ही तक्रार करून काही मिळणार नाही. पुतण्याकडून पैसे घ्या आणि भरा.

कोर्टाचा मेसेज आला तर

चलन पडून राहिलं की ते कोर्टाकडे जाऊ शकतं. `vcourts.gov.in` वर ते दिसायला लागलं तर तिथे दोन रस्ते असतात, दंड भरायचा किंवा केस लढवायची. लढवायची निवडली की केस जिथे चलन झालं त्या भागातल्या नेहमीच्या कोर्टात जाते, म्हणजे दापोलीच्या माणसाला तारखेला तिकडे जावं लागणार. पाचशेच्या चलनासाठी दोन वेळचं एसटीचं भाडं आणि बुडलेला दिवस, हे कोणाला परवडतं? म्हणूनच मी सांगतो की पोर्टलवरची तक्रार पहिल्याच वेळी नीट करा. लोकअदालतीची नोटीस आली तर तिथे तडजोड होते, रक्कम कमी होऊ शकते, पण तडजोड म्हणजे काहीतरी भरणं आलंच आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. गाडी तुमची नसेल तर तडजोड कशाची करायची?

अजून एक, आरसीला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का ते आजच बघा. काकूंचा चालू होता म्हणून मेसेज वेळेत आला. बऱ्याच जणांनी सिम बदललेलं असतं, चलन झालेलं कळतच नाही, आणि कळतं तेव्हा फोटो बघायच्या आधीच केस कोर्टात गेलेली असते. परिवहनच्या `parivahan.gov.in` वर नंबर बदलता येतो, आरसीवरची माहिती हाताशी ठेवून बसा.