बडीला पाठवायची मेल: पहिल्या महिन्यात नेमकं काय करायचं

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी खरेदीची बिलं पास करणारी टीम सांभाळते. टीम सहा जणांची. नवीन माणूस आला की त्याला एक बडी नेमून द्यायचा, ही एचआरची पद्धत. पूर्वी मी बडीला एका ओळीची मेल टाकायचे: "उद्यापासून नवीन मुलगी येतेय, तू तिचा बडी, जरा मदत कर." त्या एका ओळीमुळे काय झालं, ते आधी सांगते.

मुलगी बार्शीची, बी.कॉम. झालेली, पहिलीच नोकरी. पहिल्या दिवशी लॅपटॉप मिळाला, मेल सुरू झाली, पण बिलं नोंदवायच्या सिस्टीमचं लॉगिन उघडेना. तिनं बडीला विचारलं. तो म्हणाला, "आयटीला तिकीट टाक." तिनं टाकलं. तिकिटात विभागाचा कोड चुकीचा पडला आणि मंजुरी भलत्याच मॅनेजरकडे जाऊन अडकली. सहा दिवस ती शेजारच्याच्या स्क्रीनकडे बघत बसली. सातव्या दिवशी मी तिच्या हातात एक बिल दिलं, तेव्हा तिनं खाली मान घालून सांगितलं की अजून लॉगिनच नाही. बडीला बोल लावण्यात अर्थ नव्हता. आधीच्या महिन्याचा टीडीएस ७ तारखेपर्यंत भरायचा असतो आणि तो आठवडाभर त्याच कामात बुडालेला होता. मदत म्हणजे काय, कधी आणि किती, हे मीच त्याला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी बडीची मेल नीट लिहायला लागले. ती नवीन माणूस यायच्या आठवडाभर आधी जाते. यंदा गेलेली मेल अशी होती:

"नमस्कार,

१ तारखेला आपल्याकडे नवीन सहकारी रुजू होतेय. तिचा बडी म्हणून मी तुझं नाव दिलंय, कारण दीड वर्षापूर्वी तूही याच खुर्चीत नवीन होतास आणि काय काय अडतं ते तुला अजून आठवत असेल. जमणार नसेल तर दोन दिवसांत सांग, मी दुसऱ्या कुणाला विचारेन. मनात काही ठेवणार नाही.

या महिन्यात बँकेच्या स्टेटमेंटचा ताळमेळ तुझ्याकडून काढून मी स्वतः करणार आहे. तो वेळ तिच्यासाठी आहे.

पहिला दिवस: गेटवर तिला घ्यायला तू जा. दुपारी जेवायला तिला आपल्या टेबलावर ने. संध्याकाळी पाचच्या आत तिच्याच लॅपटॉपवर तिला चार गोष्टी उघडायला सांग: मेल, बिलांची सिस्टीम, सामायिक फोल्डर, हजेरी. 'झालं का?' असं विचारू नकोस, समोर बसून उघडलेलं बघ. एक जरी उघडलं नाही, तरी त्याच संध्याकाळी मला फोन कर.

पहिले दोन आठवडे: सकाळी सव्वादहाला अर्धा तास आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं. सकाळी तू तिला एक बिल करून दाखव, दुसरं तिला तुझ्यासमोर करू दे. संध्याकाळी तिला एवढंच विचार, 'आज कुठल्या बिलापाशी थांबलीस?' तिसऱ्या आठवड्यापासून फक्त संध्याकाळ. चौथ्या आठवड्यात लागेल तेव्हाच.

तिनं तुला काय विचारलं, ते मला सांगायची गरज नाही. तिचं काम तपासणं आणि चूक दाखवणं माझ्याकडे. मात्र तीन गोष्टी लगेच माझ्यापर्यंत आल्या पाहिजेत: लॉगिन अडलं, घरून येण्याजाण्याची अडचण झाली, किंवा कुणाच्या वागण्याचा तिला त्रास झाला. तिसरी गोष्ट असेल तर आपसात मिटवायला जाऊ नकोस. मला सांग किंवा तिला अंतर्गत समितीकडे कसं जायचं ते दाखव.

पगार, पीएफ, रजा यांची उत्तरं तू देऊ नकोस. तिला एचआरकडे घेऊन जा."

मेलमधल्या दोन ओळींबद्दल थोडं सविस्तर सांगते.

पहिली, काम काढून घेतल्याची. ही ओळ नसेल तर बाकीची सगळी मेल कागदावरच राहते. अकाउंट्सवाल्यांचा महिना तारखांनी बांधलेला असतो. ७ला टीडीएस, ११ला विक्रीचं जीएसटीआर-१, १४ला खरेदीवरच्या कराचं किती क्रेडिट मिळणार ते दाखवणारं जीएसटीआर-२बी तयार होतं, २०च्या आत कर भरायचं विवरणपत्र ३बी. बडीच्या डोक्यावर तेवढंच ओझं ठेवून वर रोज पाऊण तास मागितला, तर तो चार दिवस देतो आणि पाचव्या दिवशी 'नंतर बघू' म्हणतो. नवीन माणूस 'नंतर बघू' एकदाच ऐकतो, मग विचारायचंच थांबवतो.

दुसरी, मला सांगायची गरज नाही ही. आपले प्रश्न मॅनेजरपर्यंत जातात असं नवीन माणसाला वाटलं, की तो फक्त हुशार दिसणारे प्रश्न विचारतो. साधे प्रश्न गिळून टाकतो, आणि आमच्या कामात चूक साध्या प्रश्नातच असते.

यंदाचंच उदाहरण. दुसऱ्या आठवड्यात एका इंजिनिअरचं प्रवासाचं बिल आलं, पणजीच्या हॉटेलात दोन रात्री. बिलावर आमचा जीएसटी नंबर बरोबर छापलेला, सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगवेगळे दाखवलेले. पुण्याच्या बिलांवर ती रोज हेच दोन रकाने बघत होती, म्हणून तिनं दोन्हींचं क्रेडिट घेऊन नोंद तयार केली. संध्याकाळच्या पंधरा मिनिटांत 'कुठे थांबलीस?' या प्रश्नावर ती म्हणाली, "थांबले नाही, पण एक विचित्र वाटलं. हॉटेलचा नंबर ३०नं सुरू होतो, आपला २७नं." बडीनं तिथंच तिला उलगडून सांगितलं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. २७ महाराष्ट्र, ३० गोवा. हॉटेलच्या मुक्कामाचा कर हॉटेल जिथे आहे त्या राज्यात लागतो. म्हणजे हा एसजीएसटी गोव्याचा आणि सोबतचा सीजीएसटीही तिथल्याच व्यवहाराचा. आमच्या महाराष्ट्रातल्या नोंदणीला दोन्हींचं क्रेडिट मिळत नाही, कराची रक्कम प्रवासखर्चातच धरायची. गोव्याच्या पुरवठादाराकडून चाकणला माल आला असता, तर बिलावर आयजीएसटी असता आणि त्याचं क्रेडिट नेहमीच्या अटींवर मिळालं असतं.

ती बोलली नसती तर? १४ला आलेल्या २बीमध्ये ते बिल क्रेडिट न मिळणाऱ्या भागात दिसलं असतं. ताळमेळ घालणाऱ्याच्या नजरेतून सुटलं असतं, तर ३बी चुकीचं गेलं असतं आणि पुढे व्याजाचा प्रश्न उभा राहिला असता. रक्कम लहान होती, पण अशी प्रवासाची बिलं आमच्याकडे दर आठवड्याला येतात.

बडीचं काम बिघडतंय हे कशावरून ओळखायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता दोन खुणा मी बघते. नवीन माणूस संध्याकाळी दोन-तीन दिवस सलग "काही नाही, सगळं समजलं" म्हणायला लागला, तर त्याच्याकडे काम तरी नाही किंवा भीती तरी आहे. पहिल्या महिन्यात शंकाच नाही, असं या कामात होत नाही. दुसरी खूण उलटी. तिसऱ्या आठवड्यातही प्रत्येक बिल बडीला दाखवूनच पुढे जात असेल, तर बडी शिकवण्याऐवजी स्वतःच काम उरकतोय. तेव्हा मी दोघांना वेगळं बसवते आणि प्रश्न कागदावर साठवून संध्याकाळी एकदम विचारायला सांगते.

तिसाव्या दिवशी आम्ही तिघं कँटीनमध्ये चहा घेतो. तिला विचारते, काय उशिरा कळलं? त्याला विचारते, माझ्या मेलमधलं काय जमलं नाही? यंदा तो म्हणाला, शुक्रवारी सव्वादहाला पुरवठादारांची पेमेंटं सुटतात, त्या वेळी अर्धा तास निघतच नाही, आणि दोन्ही शुक्रवारी ती वाट बघत बसली. मला हे सुचायला हवं होतं. मेलच्या मसुद्यात मी त्याच दिवशी बदल केला: शुक्रवारी सकाळऐवजी दुपारी तीन.