बालपुस्तकावर निबंध लिहिताना या चुका टाळा

बालसाहित्यावरील निबंधांत सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे प्रत्यक्ष मूल आणि संहितेतील अभिप्रेत वाचक यांची सरमिसळ. एका विद्यार्थ्याने ‘श्यामची आई’मधील दोन प्रकरणे शेजारच्या लहान मुलीला वाचून दाखवली, ती कंटाळली, आणि ‘हे पुस्तक मुलांसाठी नाहीच’ असा निष्कर्ष लिहून तो मोकळा झाला. तिचा कंटाळा खराच होता, परंतु त्यातून त्या मुलीविषयी काही कळते, पुस्तकाविषयी नाही. अभिप्रेत वाचक पुस्तकातच शोधावा लागतो: त्याला काय ठाऊक आहे असे गृहीत धरले आहे, आणि त्याने कोणाच्या बाजूने उभे राहावे अशी मांडणी केली आहे?

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात प्रौढ श्याम रोज रात्री आश्रमातील सोबत्यांना आठवणी सांगतो. म्हणजे कथेतले श्रोते जाणते आहेत आणि बालवाचक त्यांच्या शेजारी बसून ऐकतो आहे. त्या विद्यार्थ्याने ही चौकटच वगळली होती. मी स्वतः पहिल्या वाचनात समासात पेन्सिलीने ‘कोण, कोणाला, कोणत्या वयात’ एवढेच लिहीत जातो. हे काम रटाळ वाटते, म्हणून घाईत असलेले विद्यार्थी ते टाळतात आणि पहिल्याच परिच्छेदात ‘अभिप्रेत वाचक’ ही संकल्पना मांडणाऱ्या वोल्फगांग ईझरचे नाव टाकून पुढे सरकतात.

दुसरी चूक म्हणजे मूल्ये शोधायची म्हणून उपदेशांची यादी करणे. मातृप्रेम, सत्य, दया हे सगळे कोणालाही दिसते. श्यामच्या पोहण्याचा प्रसंग पाहा. भीतीने लपलेल्या मुलाला आई शिंपटीने मारून विहिरीकडे धाडते आणि मुलाला कोणी भित्रा म्हणू नये हे तिचे कारण नंतर कळते. मुलाची भीती वर्णनात येते, पण शेवटचा शब्द तिला मिळत नाही. कारण प्रसंग सांगणारा तो मुलगा नसून आईला मनोमन मान्यता देऊन बसलेला मोठा श्याम आहे. प्रौढांचे मूल्य आईच्या वाक्यापेक्षा या मान्यतेत अधिक आहे आणि वाचकाने असहमत व्हायला जागा कोठे उरते, हा निबंधाचा खरा प्रश्न आहे. त्यावरून ‘पुस्तक मारहाणीचे समर्थन करते’ असे एका ओळीत उरकणे हीही तितकीच आळशी वाट आहे, कारण त्याच प्रसंगातील आईची माया तो निकाल सरळ लागू देत नाही.

१९५३ चा चित्रपट पाहून पुस्तकावर लिहू नये.

पाठ्यपुस्तकातील उताऱ्यावरून तर मुळीच लिहू नये: प्रसंग सुटा काढला की आश्रमातील श्रोते गळतात आणि श्याम थेट मुलांशीच बोलतो आहे असा भास होतो.