कॉल सेंटरला अर्ज करताय? मग आधी हे तपासा

मी नऊ वर्षं पुण्यात व्हॉइस ट्रेनर म्हणून काम केलं, आधी खराडीत आणि नंतर मगरपट्ट्यात. त्या काळात शेकडो अर्ज हाताखालून गेले. ‘गुड कम्युनिकेशन स्किल्स, फास्ट टायपिंग, रेडी टू वर्क इन एनी शिफ्ट’ या तीन ओळी जवळपास प्रत्येक अर्जावर असायच्या, आणि म्हणूनच त्या कोणी वाचत नसे. कस्टमर सपोर्टच्या नोकरीत या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा अर्ज दिला त्याच दिवशी तपासल्या जातात. त्यामुळे अर्जात जे लिहाल ते दुपारपर्यंत खरं ठरलं पाहिजे. गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या मुलीची तयारी करून घेतली. ती हडपसरला राहते, बी.कॉम. झाली आहे आणि आधी एकदा नापास होऊन आली होती. तिच्याकडून जे करून घेतलं तेच इथे त्याच क्रमाने लिहितो.

पहिलं काम, प्रोसेस कोणती ते विचारून घ्या. जाहिरातीत ‘कस्टमर सपोर्ट’ एवढंच असतं. पण परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलायचं, भारतातल्याच ग्राहकांशी हिंदी-मराठीत बोलायचं, की नुसतं चॅटवर लिहायचं, यावर पुढची सगळी तयारी ठरते. चॅटला टायपिंगची अट कडक असते, व्हॉइसला बोलण्याची. भारतातल्या प्रोसेससाठी अर्ज करणार असाल तर मराठी हा शब्द भाषांच्या यादीत शेवटी टाकू नका, वर घ्या. अनोळखी माणसाशी ‘अहो, आपला नंबर एकदा सांगाल का’ असं स्वच्छ आणि आदराने बोलता येणं हे कौशल्यच आहे. आपल्याकडे ते सहज असतं म्हणून आपण त्याला किंमत देत नाही.

आता बोलणं. आमच्या भाचीला वाटायचं की आपलं इंग्रजी कच्चं आहे. मी तिला ‘स्वतःबद्दल सांग’ या प्रश्नाचं दीड मिनिटाचं उत्तर फोनवर रेकॉर्ड करायला लावलं आणि तिलाच ऐकवलं. शब्द तिच्याकडे भरपूर होते. अडचण तीनच ठिकाणी होती. पहिली म्हणजे सुरुवात, ‘मायसेल्फ अमुक’. त्याऐवजी सरळ ‘आय ॲम’. दुसरी, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’. मराठीत आपण ‘मला दोन भाऊ आहेत’ म्हणतो आणि तो ‘आहेत’ इंग्रजीत ‘ॲम’ होऊन घुसतो. ‘आय हॅव’ एवढंच पुरे. तिसरी, वाक्याच्या शेवटी येणारा ‘ना’ आणि मध्ये येणारं ‘म्हणजे’. हे दोन शब्द मोजायला लावले. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये अकरा वेळा आले, आठव्या दिवशी दोनदा.

उच्चारांवर मुलं फार वेळ घालवतात, आणि तोही चुकीच्या जागी. अमेरिकन माणसासारखं बोलायला जाऊ नका. परीक्षकाला ते लगेच कळतं, आणि दोन वाक्यांनंतर तुमचंच तुम्हाला पेलत नाही. आपल्या जिभेला नडणारे आवाज मोजकेच आहेत. बनियनचा ‘वेस्ट’ आणि पश्चिमेचा ‘वेस्ट’ आपण एकसारखेच म्हणतो. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात आणि दात कुठेच लागत नाहीत. ‘झीरो’मधला झ आपण जड करतो, तिथे ‘जहाज’मधल्या ज च्या जवळचा हलका आवाज हवा असतो. तो मराठीत आहेच, फक्त इंग्रजी बोलताना आपण तो विसरतो. हे दोन आवाज आरशासमोर रोज दहा मिनिटं, बास.

बऱ्याच ठिकाणी बोलण्याची चाचणी संगणकावर किंवा फोनवर होते. वर्सांट हे त्यातलं नेहमी कानावर पडणारं नाव. त्यात वाक्य ऐकून तसंच्या तसं म्हणायचं असतं, विस्कटलेल्या तुकड्यांचं वाक्य जोडायचं असतं, छोटी गोष्ट ऐकून पुन्हा सांगायची असते. इथे चांगली बोलणारी मुलंही घसरतात, कारण चुकलं की ती थांबतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. चुकलं तरी पुढे जा. याची तयारी घरच्या घरी होते. कोणीतरी इंग्रजी बातमीतलं एक वाक्य वाचायचं, तुम्ही न बघता परत म्हणायचं. आठ शब्दांपासून सुरुवात करा आणि हळूहळू चौदापर्यंत जा.

त्यानंतर समोर माणूस बसतो आणि खोटा कॉल घेतो. मी चिडलेला ग्राहक, माझे पैसे परत आले नाहीत, बोला. भाचीने पहिल्यांदा उत्तर दिलं, ‘टेल मी युअर ऑर्डर नंबर’. मराठीत ‘नंबर सांगा’ यात काही उद्धट नाही, कारण ‘सांगा’तच आदर आहे. इंग्रजीत तो आदर वेगळा घालावा लागतो, ‘मे आय हॅव युअर ऑर्डर नंबर, प्लीज’. आणि त्याच्याही आधी एक वाक्य त्याच्या त्रासाबद्दल यायला हवं. ‘वेट’ म्हणून गप्प बसायचं नाही. होल्डवर ठेवायची परवानगी मागायची, किती वेळ लागेल ते सांगायचं, परत आल्यावर थांबल्याबद्दल आभार मानायचे. अशी पाच संभाषणं पाठ नव्हे, तोंडात बसली पाहिजेत.

टायपिंगकडे येतो, कारण भाची पहिल्यांदा इथेच अडकली होती. चॅटच्या त्या जागेला मिनिटाला 30 शब्द आणि 95 टक्के अचूकता हवी होती. तिने अर्जात 42 लिहिलं होतं आणि ते खोटं नव्हतं. टायपिंगच्या हिशेबात पाच अक्षरं म्हणजे एक शब्द, जागा धरून. पाच मिनिटांत तिने 1050 वेळा की दाबली, म्हणजे 210 शब्द, मिनिटाला 42. पण न सुधारलेल्या चुका राहिल्या 18. चुका वजा केल्या तरी वेग 38 च्या वर उरतो, 30 ची अट सहज पार. अचूकता मात्र 210 पैकी 192, म्हणजे 91 टक्के. तिथेच ती बाहेर पडली, आणि घरी येऊन वेग आणखी वाढवायच्या मागे लागली!

मी तिचा वेग कमी करायला लावला. तीन आठवडे रोज वीस मिनिटं, स्क्रीनवरून नजर न हलवता, आणि चूक झाली की त्याच शब्दात सुधारायची, ओळ संपल्यावर नाही. तिसऱ्या आठवड्याअखेर पाच मिनिटांत 180 शब्द आणि चार चुका. वेग 36 वर आला, चुका वजा जाता 35, आणि अचूकता जवळपास 98 टक्के. अर्जात आम्ही तेवढंच लिहिलं, ‘इंग्रजी टायपिंग मिनिटाला 35 शब्द, अचूकता 97 टक्के, पाच मिनिटांची चाचणी’. एक टक्का मुद्दाम कमी, कारण अनोळखी कीबोर्डवर हात थोडा अडखळतोच. तुम्ही कुठल्या साइटवर सराव करता ती चुका कशा मोजते ते आधी बघा, काही ठिकाणी अक्षरांवर मोजतात, काही ठिकाणी शब्दांवर, आणि आकडे बरेच वेगळे येतात.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची 30 किंवा 40 ची टायपिंग परीक्षा दिली असेल तर प्रमाणपत्र जरूर जोडा. त्याने तुमची चाचणी टळणार नाही, पण आकडा हवेतला नाही एवढं कळतं. व्हॉइससाठी अर्ज असेल तर एक वेगळाच सराव लागतो, ऐकत ऐकत टाइप करणं. घरातल्या कोणाला तरी दहा आकडी नंबर, ईमेल आणि पत्ता नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने सांगायला लावा. स्पेलिंग सांगताना ‘बी फॉर ब्राव्हो, डी फॉर डेल्टा’ ही यादी पाठ हवी, कारण फोनवर बी, डी आणि पी सारखेच ऐकू येतात.

रात्रपाळीबद्दल ‘कुठलीही शिफ्ट चालेल’ असं लिहिणाऱ्यांतलेच बरेचजण मी महिन्याभरात सोडून जाताना पाहिलेत. म्हणून आधी घड्याळ नीट समजून घ्या. न्यूयॉर्कची सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ही वेळ त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन होते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात आणि तीच पाळी साडेसात ते साडेचार होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा आधीसारखी. ब्रिटनची पाळी त्या मानाने सोपी, त्यांच्या उन्हाळ्यात दुपारी दीड ते रात्री साडेदहा. साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारीच मिळेल असं नाही. आणि अमेरिकेच्या कॅलेंडरात अनंत चतुर्दशी नसते, हे घरी आधीच सांगून ठेवा.

भाचीच्या घरी दोन खोल्या. मी तिला अर्जाआधी सलग तीन रात्री पहाटे साडेचारपर्यंत जागायला आणि सकाळी झोपायला सांगितलं. पहिल्याच दिवशी आठ वाजता कुकरच्या शिट्ट्या, नऊला शेजारचा टीव्ही. तिसऱ्या दिवशी तिची आईच म्हणाली, ‘अगं, हिला झोपायला जागाच नाही.’ मग दुपारी आजीची खोली रिकामी करून द्यायची, जाड पडदा लावायचा आणि स्वयंपाक आधी उरकायचा असं ठरलं. हे बोलणं नोकरी लागल्यावर झालं असतं तर भांडण झालं असतं.

गाडीचंही आधी विचारा. कंपनीची ट्रान्सपोर्ट बाउंड्री असते, तिच्या बाहेर घर असेल तर गाडी ठरलेल्या चौकापर्यंतच येते. पहाटे चारला तिथून घरी कसं जाणार? मुलींसाठी महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात हे स्पष्ट आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम द्यायचं तर त्यांची संमती लागते, आणि सुरक्षेची आणि घराच्या दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. मुलाखतीत हे विचारलं म्हणून कोणी नाव खोडत नाही. उलट मी तरी असा प्रश्न आला की समजायचो, या मुलीने विचार करून अर्ज केलाय.

भाचीच्या अर्जात शेवटी ही ओळ गेली, ‘अमेरिका आणि ब्रिटन दोन्ही पाळ्या आणि कोणतीही साप्ताहिक सुट्टी चालेल, मे महिन्यात एम.कॉम.च्या परीक्षेचे दिवस वगळून’. एचआरने परीक्षेच्या तारखा विचारल्या, लिहून घेतल्या आणि पुढे गेली.

कागदांचं फार नाही. आधार, पॅन, गुणपत्रिका, फोटो, आधीची नोकरी असेल तर रिलीव्हिंग लेटर. छायाप्रती द्या, मूळ कागद दाखवून परत घ्या आणि कोणाकडे ठेवू नका. कन्सल्टन्सीने नोंदणी, प्रशिक्षण, डिपॉझिट अशा कुठल्याही नावाने तुमच्याकडे पैसे मागितले तर तिथून उठा. ऑफर लेटर हातात आलं की तीन जागा शोधून वाचा: पाळी बदलण्याबद्दल काय लिहिलंय, रात्रीचा भत्ता पगारात धरलाय की वेगळा, आणि गाडी कुठून कुठपर्यंत. भाचीच्या पत्रात गाडीचा उल्लेखच नव्हता. तिने सही करण्याआधी ईमेल पाठवून विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी पिकअपचा पत्ता लिहून उत्तर आलं.