अरबी वर्तमानकाळ: कुठला नून गळतो?
अक्तुबु म्हणजे मी लिहितो, नक्तुबु आम्ही, यक्तुबु तो. तक्तुबु मात्र 'तू' (पुरुष) आणि 'ती' दोघांचं. संदर्भ पाहूनच ठरवा.

नून म्हणजे 'न' हे अक्षर. तो गळतो फक्त आनि, ऊन, ईन या शेवटांचा. अशी रूपं पाचच: यक्तुबानि, तक्तुबानि (दोघांसाठी), यक्तुबून (ते), तक्तुबून (तुम्ही), तक्तुबीन (तू, स्त्री). आधी लम, लन किंवा अन हे शब्द आले की हा नून गळतो: 'लम यक्तुबू', त्यांनी लिहिलं नाही. लिहिताना शेवटच्या 'ऊ'च्या वाव या अक्षरानंतर मुका अलिफ जोडायचा. नवशिके तो हमखास विसरतात.

स्त्रियांच्या अनेकवचनातला नून (यक्तुब्न, तक्तुब्न) कधीच काढू नका. तिथे तो स्वतःच कर्ता असतो, म्हणून 'लम यक्तुब्न' तसंच राहतं.