वडिलांचं जीमेल बंद पडलंय? आधी सिम चालू ठेवा

वडील गेल्यावर त्यांचा मोबाइल नंबर लगेच बंद करू नका. विम्याचे हप्ते, एफडीची मुदत, डिमॅटच्या सूचना यांचे मेसेज त्यावरच येत राहतात आणि कुठे काय आहे ते त्यातूनच कळतं. रिचार्ज संपू देऊ नका.

जीमेलचा पासवर्ड गूगल वारसांनाही देत नाही. मृत व्यक्तीच्या खात्यासाठी त्यांचा वेगळा ऑनलाइन अर्ज आहे. त्यात खातं बंद करायला सांगता येतं किंवा आतला डेटा मागता येतो. मृत्यूचा दाखला आणि तुमचं ओळखपत्र लागतं. डेटासाठी अमेरिकेतल्या कोर्टाचा आदेशही मागू शकतात, म्हणून त्यावर अडून बसू नका. मात्र दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, तेव्हा अर्ज लवकर करा.

पैशांची कामं ईमेलविनाही होतात. नॉमिनी असेल तर बँक मृत्यूच्या दाखल्यावर रक्कम देते. पण नॉमिनी फक्त विश्वस्त, मालकी वारसांचीच. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल तर बँक बहुधा दिवाणी न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागते. महाराष्ट्रात वारस दाखलाही दिवाणी न्यायालयातूनच, 1827 च्या जुन्या नियमाखाली मिळतो.